कुटुंब संमेलन: शनिवार ९ आणि रविवार १० जानेवारी, कर्नाळ्याजवळ

समस्त मंडळी,

सत्तावीस माणसं, सगळ्यात लहान तीन वर्षांचा आणि सगळ्यात मोठ्या आपल्या आजी ८२. सगळ्यांनी सगळं केलंच पाहिजे असा हट्ट नाही. शनिवारची पोपटी आणि रविवारचा ग्रुप फोटो, एवढ्या दोन गोष्टींना मात्र सगळे हवेत. बाकी वेळात कोणी नुसतं लोळलं तरी चालेल.

पोहोचायचं कसं

ठाण्याहून निघणाऱ्या तीन गाड्या सकाळी ९ला, तीन हात नाक्यावर न रेंगाळता. ऐरोली, वाशी, पनवेल, पुढे पळस्पे फाट्यावरून गोवा हायवे. पुण्याची मंडळी एक्सप्रेसवे सोडून पळस्प्यालाच येऊन मिळतील. लोकलने येणाऱ्यांनी ठाण्याहून थेट पनवेल गाडी धरावी. मामा ११ वाजता स्टेशनबाहेर गाडी घेऊन असेल.

शनिवार

१२ वाजता खोल्या मिळतील. तळमजल्याच्या तीन खोल्या आजी, मोठे काका-काकू आणि आत्यासाठी राखून ठेवल्यात. गुडघ्यांचा विचार करून दिल्यात, तेव्हा कोणी अदलाबदल मागू नये. १ वाजता जेवण.

दुपारी ३ ते ५ स्विमिंग पूल. नायलॉनचेच कपडे लागतात, सुती टीशर्टवर उतरू देत नाहीत. तिथे भाड्याने मिळतात, पण घरून आणलेले बरे. लहान मुलांच्या उथळ पूलजवळ एक मोठं माणूस सतत हवं: पहिला तास पिंट्याची आई, दुसरा तास मी. पाण्यात उतरायचं नसेल त्यांना व्हरांड्यात कॅरम आणि मेंढीकोट. काकांनी पत्त्यांचे दोन कॅट आणायचे, मागच्या वेळी बदामची राणी हरवली होती.

५ वाजता चहा आणि कांदाभजी. मग लगोरी. चाळिशीच्या वरचे विरुद्ध खालचे. धाकट्या काकांनी कमरेचा पट्टा बांधूनच खेळायचं, हे काकूंचं फर्मान आहे.

७ वाजता पोपटी. पनवेल-अलिबाग पट्ट्यात थंडीत आलो आणि पोपटी नाही, असं व्हायचं नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मधोमध केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन, वर पुन्हा पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या-पेंढा पेटवायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र करून लगेच उडालं, की झालं. शेंगा आणि पाला गावातले एक काका आणून देणार आहेत, मडकं भरायला आपण. शनिवार पाळणाऱ्यांचं मडकं वेगळं, चूल वेगळी, वाढायचे हातही वेगळे. मुलांना शेंगा भरू द्या, विस्तवाजवळ मात्र नको.

त्यानंतर गाण्याच्या भेंड्या. रात्री १०ला आवाज बंद, हा रिसॉर्टचा नियम आहे आणि आजींचाही. डीजे मी मुद्दामच सांगितला नाही.

रविवार

सकाळी दोन तुकड्या.

_किल्लेवाले:_ ६.३०ला चहा घेऊन कर्नाळा. वाट अभयारण्यातून जाते, वर जायला दीड-दोन तास. अंगठ्यासारखा सुळका जवळून बघायचा, त्याच्या पायथ्याची कातळातली पाण्याची टाकी बघायची आणि परत. सुळक्यावर चढणं दोरवाल्यांचं काम. वर मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अत्तर-स्प्रे नको, आरडाओरडा नको. दहा वर्षांखालची मुलं नकोत. इडल्या बांधून घेऊ. बॅगा आदल्या रात्रीच भरून ठेवा, कारण ११ला खोल्या सोडायच्या आहेत. अंघोळीसाठी दोन खोल्या ४ वाजेपर्यंत वाढवून घेतल्यात.

_निवांतवाले:_ ८ला नाश्ता, ९.३०ला तो बंद होतो. मग लहान मुलांना घेऊन अभयारण्यातल्या सपाट पायवाटेवर पक्षी बघायला. दुर्बीण दादाकडे आहे. आजी, आत्या आणि हवे असतील त्यांच्यासाठी अंगणात ऊन आणि गप्पा.

१२ला फोटो. १ला जेवण: आगरी पद्धतीचं माशाचं कालवण, तांदळाची भाकरी. शाकाहारींना वालाचं बिरडं. जेवणानंतर संक्रांतीआधीचाच तिळगूळ, लाडू आत्या आणतायत.

३.३०ला निघून वाटेत शिरढोणला थांबू. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली इथे जन्मले, त्यांचा वाडा बघायला अर्धा तास पुरे. थकलेल्यांनी गाडीत बसून राहावं.

आणायचं: स्वेटर (पहाटे गारठा असतो), डासांचं मलम, टॉर्च, स्वतःची औषधं. आजींच्या गोळ्या माझ्याकडे.

पैसे: माणशी ३,२०० रुपये, पाच वर्षांखाली फुकट. ३ जानेवारीपर्यंत मला पाठवा. किल्ल्याला कोण, शनिवारच्या मडक्यात कोण आणि मासे कोण खात नाही, हे त्याच दिवशी कळवा.

ठाण्याची ताई