शेट्यांचा घेवडा

(सातारा. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली. मामा वाघ्या घेवडा निवडून अर्ध्या किलोच्या पिशव्या भरताहेत. भाचा सुमित पुण्याहून आलाय; तिथं तो एका कंपनीचा माल दुकानदारांना पोचवण्याचं काम बघतो. त्याच्या हातात दुकानाचं नाव छापलेल्या पिशव्यांचं, छापखान्याचं कोटेशन आहे.)

सुमित: मामा, चार रंगांत पाच हजार पिशव्या? छपाईच्या सिलेंडरचे पैसे रंगागणिक वेगळे. हे कोणी डोक्यात घातलं?

मामा: कोणी नाही. गिरगावातल्या बेडेकरांनीही 1910 साली किराणा दुकानच टाकलं होतं. मसाले, लोणची मागाहून आली.

सुमित: ते खरं, पण आपल्याकडं कोण काय बघून येतं? घर जवळ, उधारी चालते, माल चांगला. साबण, चहा, बिस्किटं सगळी दुसऱ्यांच्या नावाची. त्यावर आपलं नाव चिकटवून काय होणार?

मामा: त्यावर नाही रे. आपण निवडतो, पाखडतो, दळतो, त्यावर. हा घेवडा बघ. कोरेगाव भागातून पोतं येतं, मी एकेक सुरकुतलेला दाणा बाजूला काढतो. तुझी मामी घरी आधी शिजवून बघते, मग विक्रीला. ही मेहनत त्या कोऱ्या पिशवीत दिसते का?

सुमित: गिऱ्हाइकाला चवीवरून कळते की.

मामा: ज्यानं इथून नेला त्याला कळते. त्यानं पुण्यातल्या लेकीला दिला, तिनं शेजारणीला दिला. शेजारणीला आवडला, तर मागायचा कोणाकडं? परवा एक बाई किडकी तूरडाळ परत घेऊन आल्या. आपली नव्हती. पण पिशवी कोरी, मी कसं दाखवणार? घेतली परत.

सुमित: मामा, भरून ठेवलेल्या पाकिटावर नाव-पत्ता, वजन, भरल्याचा महिना-वर्ष, किंमत, एफएसएसएआयचा नंबर हे नियमानं लागतंच. त्याला काय ब्रँड म्हणतात?

मामा: मग मी वेगळं काय मागतोय? तेच नाव, लांबून वाचता येईल एवढं. आजवर समोर सुटं तोलून दिलं की झालं, विश्वास माझ्या तोंडाकडं बघून. मी चार दिवस आजारी पडलो तर गल्ल्यावर पोरगा बसेल. माझं तोंड पिशवीत घालून पाठवता येत नाही.

सुमित: (थांबून) बरं. पण नाव लावलं की तुम्ही बांधले जाता. या साली घेवडा चांगला आला, पुढच्या साली पावसानं काळा पडला, तर?

मामा: तर त्या साली नाव लागणार नाही. सुटा विकीन, स्वस्तात, सांगून.

सुमित: छापलेल्या पाच हजार पिशव्या माळ्यावर पडल्या असताना? मामा, मी दुकानं रोज बघतो. पिशव्या संपवायच्या म्हणून नंतर कसलाही माल भरला जातो.

(मामा गप्प. हातातला दाणा बाजूच्या ताटलीत टाकतात.)

मामा: हे बरोबर बोललास.

सुमित: पाच हजार नकोत. साध्या पिशव्या घ्या, हजार स्टिकर काढा, एका रंगात. महिना हातानं शिक्क्यानं मारू. आणि नाव कोणतं? पाटीवर 'श्री गणेश किराणा भांडार' आहे, तसली गावागावात सापडतील.

मामा: लोक तर 'शेट्यांकडं' म्हणतात.

सुमित: मग तेच. शेट्यांचा घेवडा, सातारा. पुढं मागणी वाढली तर ट्रेडमार्क नोंदवू. छोट्या व्यावसायिकाला अर्जाचे 4,500 रुपये, नोंद 10 वर्षांची. आत्ता नको.

मामा: आणि भौगोलिक मानांकन? कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला मिळालंय ना?

सुमित: ती खूण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय लावायची नाही. पण शेतकऱ्याचं गाव लिहू, ते खरं आहे. फक्त दर पोत्यागणिक बघून लिहायचं.

मामा: लिहू. अन् कांदा-लसूण मसाला? सगळ्यात जास्त तोच मागतात.

सुमित: त्याला इतक्यात नाही. मामी मसाला अंदाजानं घालते. या महिन्यात झणझणीत, पुढच्या महिन्यात सौम्य. ओळखीची माणसं चालवून घेतात, पिशवीवरचं नाव वाचून घेणारा नाही घेणार.

मामा: ती मुठीनं घालते. विचारलं तर म्हणते, हाताला कळतं.

सुमित: मग पुढच्या वेळी कुटायच्या आधी काटा स्वयंपाकघरात न्या. प्रत्येक मूठ त्यावर ठेवायला सांगा, मी वही घेऊन बसतो.

मामा: ती तुझं ऐकेल. माझं नाही ऐकायची.