वार्षिक शुल्क हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळण्याबाबत विनंती पत्र

काळाचौकी, मुंबई ४०० ०३३
दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
माननीय प्राचार्य महोदया,
दादर, मुंबई ४०० ०२८

विषय : टीवायबीएस्सी (आयटी), शैक्षणिक वर्ष २०२५-२६ ची फी चार हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळण्याबाबत.
विद्यार्थी : ओंकार प्रकाश गावडे

महोदया,

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा ओंकार आपल्या महाविद्यालयात आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षाची फी ३८,००० रुपये असून ती १८ जुलैपर्यंत एकरकमी भरायची आहे. पहिल्या दोन्ही वर्षांची फी आम्ही मुदतीच्या आत भरली, त्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. यंदा मात्र एवढी रक्कम एकदम उभी करणं आम्हाला शक्य नाही. फी माफ करा असं माझं म्हणणं नाही. सगळी फी आम्ही भरणार आहोत, फक्त जानेवारीपर्यंत चार हप्त्यांत भरू द्यावी, एवढीच विनंती आहे.

१९ एप्रिलला पहाटे माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. घाईत जवळच्या खासगी नर्सिंग होममध्ये नेलं आणि दोनच दिवसांत ८६,००० रुपयांचं बिल झालं. पुढे केईएममध्ये हलवलं. तिथे तीन आठवडे चांगले उपचार झाले आणि खर्चही आवाक्यात राहिला, पण साठवलेले पैसे तोपर्यंत संपले होते. माझ्या बांगड्या अजून बँकेत तारण आहेत.

यजमान २२ वर्षं एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर होते. पगार २४,५०० रुपये. २१,००० च्या वर पगार असल्यामुळे त्यांना ईएसआयसी लागू नव्हतं, म्हणून आजारपणातला भत्ता मिळाला नाही. मालकांनी एप्रिलचा पूर्ण आणि मेचा अर्धा पगार दिला. जूनपासून पगार नाही. आता ते भिंतीला धरून मोरीपर्यंत जातात. डाव्या हाताची मूठ अजून नीट मिटत नाही. फिजिओथेरपिस्टनी हातात काहीतरी मऊ दाबायला द्यायला सांगितलंय, म्हणून सकाळी पोळ्या लाटायला बसले की मी त्यांच्या हातात कणकेचा गोळा देते. मे महिन्यात त्या गोळ्यावर बोटं उमटतही नव्हती. आता चार बोटांच्या खुणा दिसतात, अंगठ्याची अजून नाही. मशीनवर कागद लावायचा तर अंगठा लागतो, त्यामुळे ते कामावर कधी जातील हे डॉक्टरही सांगत नाहीत.

घर सध्या माझ्या डब्यांवर चालतं. मी पोळीभाजीचे १४ डबे देत होते. दवाखान्याच्या धावपळीत पाच सुटले, नऊ राहिले. महिन्याला एका डब्याचे २,४०० घेते. भाजी, पीठ, तेल, गॅस वजा जाता ९,००० च्या आसपास उरतात. त्यातले ७,५०० औषधांना आणि फिजिओथेरपीला जातात. ओंकार संध्याकाळी चाळीतल्या चार मुलांची शिकवणी घेतो, त्याचे २,००० येतात.

शिष्यवृत्तीबद्दल आपल्या कार्यालयातल्या मॅडमनी आपुलकीने चौकशी केली होती. पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा मिळतो आणि त्या वर्षी यजमानांचा पगार पूर्ण चालू होता. कागदावर आमचं घर अजून मार्चमध्येच आहे. म्हणून दाखल्याबरोबर मालकांचं पगार बंद असल्याचं पत्रही जोडलं आहे, ते कृपया वाचावं.

व्याजाने पैसे काढून १८ तारखेला फी भरता आली असती. चाळीत देणारे आहेत, महिना पाच टक्क्यांनी. ३८,००० वर महिन्याला १,९०० रुपये नुसतं व्याज म्हणजे एका डब्याची जवळजवळ सगळी रक्कम. एकदा त्यात अडकलं की मुद्दल तसंच राहतं, हे मी शेजारी पाहिलंय. म्हणून तो रस्ता मुद्दाम धरला नाही आणि आपल्याकडे आले.

माझ्या हातात पैसे कधी येतात ते बघून हप्ते असे ठरवले आहेत. पहिले १०,००० रुपये आत्ताच तयार आहेत, माझ्या भावाने दिलेत. आपण होकार दिला की त्याच दिवशी भरते. दुसरे ८,००० रुपये १० सप्टेंबरपर्यंत. गणपतीत मी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेते, गेल्या वर्षी ६५० मोदक गेले होते, त्यातून ही रक्कम निघते. तिसरा हप्ता १२,००० रुपयांचा, १० नोव्हेंबरपर्यंत. वर्षातली माझी मोठी कमाई दिवाळीच्या फराळाची असते. फराळाचे पैसे लोक भाऊबीजेनंतर चुकते करतात, म्हणून त्याआधीची तारीख देऊन नंतर तोंड लपवावं लागू नये असं वाटतं. उरलेले ८,००० रुपये १० जानेवारी २०२६ पर्यंत, कारण जानेवारीत माझ्या भिशीचा नंबर आहे. मधेच डबे वाढले तर तारखेच्या आधीही भरेन.

यात दोन अडचणी आहेत. ऑनलाइन लिंकवर पूर्ण ३८,००० च भरता येतात, कमी रक्कम टाकली तर पुढे जात नाही. अकाउंट्स विभागात विचारलं तेव्हा, प्राचार्यांची सही असेल तर काउंटरवर हप्ता घेऊ, असं सांगितलं. तशी सही या अर्जावर मिळावी. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेचा फॉर्म आणि हॉल तिकीट तिसऱ्या हप्त्याच्या आधी येईल. थोडी फी बाकी आहे म्हणून ते अडू नये आणि विलंब शुल्क लागू नये, एवढं कृपया अर्जावर लिहून द्यावं. तेवढा शब्द मिळाला तर ओंकार निश्चिंतपणे अभ्यासाला बसेल.

मे महिन्यात तो मला म्हणाला, "आई, एक वर्ष गॅप घेतो, डिलिव्हरीचं काम मिळतंय." मी नाही म्हटलं. एकदा सुटलेलं वर्ष परत धरायला किती वर्षं लागतात ते मला ठाऊक आहे. बारावीनंतर माझंही तसंच सुटलं ते सुटलंच. दुसऱ्या वर्षी त्याला ८.२ सीजीपीए आहे. बाबांच्या आजारपणात रात्री केईएमच्या व्हरांड्यात बसून त्याने चौथ्या सेमिस्टरची तयारी केली आणि एकही विषय मागे ठेवला नाही. असा मुलगा शेवटच्या वर्षाला फीपायी घरी बसला तर ते मला सहन होणार नाही.

सोबत केईएमचं डिस्चार्ज कार्ड, मालकांचं पत्र, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डाची प्रत आणि मागच्या दोन वर्षांच्या फीच्या पावत्या जोडल्या आहेत. हप्त्यांच्या तारखांचं हमीपत्र लिहून द्यायची माझी तयारी आहे. आपल्याला भेटायचं असल्यास मी दुपारी दोननंतर कधीही येऊ शकते, तोवर डबे पोचलेले असतात. १८ तारीख जवळ आल्यामुळे त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील. माझा फोन नंबर ओंकारच्या प्रवेश अर्जावर आहे.

आपली नम्र,
सौ. वंदना प्रकाश गावडे
(ओंकारची आई)