अग्निसुरक्षा प्रशिक्षण आणि फायर ड्रिल: तिन्ही शिफ्टसाठी सूचना (१० ते १३ फेब्रुवारी २०२६)

प्रति : सहावा, सातवा आणि आठवा मजला, ऐरोली कार्यालय. सर्व कर्मचारी, हाउसकीपिंग, पँट्री, सुरक्षारक्षक आणि कंत्राटी तंत्रज्ञ
विषय : प्रशिक्षण, ड्रिल, जमण्याची जागा आणि स्वयंसेवक

नमस्कार,

पुढच्या आठवड्यात आपल्या तिन्ही मजल्यांवर आगीपासून बचावाचं प्रशिक्षण आणि त्यानंतर फायर ड्रिल होणार आहे. यंदा फरक एवढाच की ड्रिल दिवसा एकदाच उरकायची नाही. प्रत्येक शिफ्टची ड्रिल त्या-त्या शिफ्टच्या वेळेत होईल. रात्रीची शिफ्ट म्हणजे रजिस्टरवर सही आणि पत्रक हातात, असं होणार नाही. रात्री माणसं कमी, टीम लीड मोजके, लॉबीतले निम्मे दिवे बंद. गोंधळ व्हायचा तर तेव्हाच जास्त होतो, म्हणून सराव त्याच वेळेला हवा.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं. जानेवारीचं झालेलं आहे. पण पंप, स्प्रिंकलर, हूटर चालतात एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. हूटर वाजल्यावर आपण कुठल्या जिन्याकडे वळतो, हे त्यात नसतं.

प्रशिक्षणाच्या वेळा

मंगळवार १० आणि बुधवार ११ फेब्रुवारी, दोन्ही दिवस सारख्याच वेळा. प्रत्येक टीमने निम्मी माणसं मंगळवारी आणि निम्मी बुधवारी पाठवायची आहेत, म्हणजे फ्लोअर रिकामा पडणार नाही.

सकाळची शिफ्ट : सकाळी ११.०० ते ११.४५
जनरल शिफ्ट : दुपारी ४.०० ते ४.४५
दुपारची शिफ्ट : संध्याकाळी ७.३० ते ८.१५
रात्रीची शिफ्ट : रात्री १.३० ते २.१५

पहिली तीस मिनिटं सातव्या मजल्यावरच्या ट्रेनिंग रूममध्ये, उरलेली पंधरा मिनिटं खाली मोकळ्या जागेत. तिथे लोखंडी ट्रेमध्ये छोटी आग पेटवून ती प्रत्येकाने स्वतःच्या हाताने विझवायची आहे. लांबून व्हिडिओ काढणाऱ्यांनाही सिलिंडर उचलावा लागेल.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण दर वेळी त्यांवरच घोळ होतो. सिलिंडरची पिन काढायची, नोझल आगीच्या बुडाशी धरायचं, ज्वाळांच्या टोकाशी नाही, मूठ दाबायची आणि डावीकडून उजवीकडे फिरवत जायचं. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, त्यामुळे चाचपडायला वेळ नसतो. दुसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची. सर्व्हर रूम आणि यूपीएस रूमबाहेर तोच ठेवलेला आहे. वायू सुटताना त्याचा काळा भोंगा इतका गार पडतो की तो हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून हात मुठीवरच ठेवा. या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो, त्यामुळे ‘काटाच नाही, म्हणजे बिघडलाय’ अशी तक्रार करू नका. त्याची तपासणी वजनावरून होते. विजेच्या उपकरणाला लागलेल्या आगीवर पाणी टाकायचं नाही. पँट्रीतल्या मायक्रोवेव्हवरही नाही.

एका सिलिंडरने आटोपली नाही, तर ती आग आपल्या आवाक्यातली नाही. मागे फिरा आणि उतरा.

ड्रिलच्या वेळा

सकाळची आणि जनरल शिफ्ट : गुरुवार १२ फेब्रुवारी, सकाळी ११.३०
दुपारची शिफ्ट : गुरुवार १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४५
रात्रीची शिफ्ट : रात्री २.३०. गुरुवारी रात्री कामावर येणाऱ्यांसाठी, म्हणजे तारखेने शुक्रवार १३ फेब्रुवारी

ड्रिलमध्ये खरा धूर किंवा आग नसेल. हूटर वाजेल, लिफ्ट बंद होतील, दारांची कार्ड-लॉक आपोआप सुटतील. या तीन वेळा सोडून हूटर वाजला, तर आग खरीच आहे असं समजून उतरा. आणि ड्रिल चालू असतानाच खरंच काही घडलं, तर स्पीकरवरून ‘ही ड्रिल नाही’ असं तीनदा सांगितलं जाईल. जुलैतल्या ड्रिलची वेळ मात्र आधी कळवली जाणार नाही.

हूटर वाजला की स्क्रीन लॉक करा आणि निघा. कॉल चालू असेल तर ‘मी तुम्हाला परत फोन करतो’ एवढं बोलून हेडसेट खाली ठेवा. ग्राहक कंपन्यांना या वेळा कळवलेल्या आहेत. ड्रिलमध्ये गेलेला वेळ कोणाच्याही ब्रेकमधून, लॉगिन तासांतून किंवा कॉलच्या हिशोबातून कापला जाणार नाही. टीम लीडनी ‘हा एवढा कॉल संपव’ असं म्हणायचं नाही. डबा, बॅग, चार्जर जागेवरच राहू द्या. मोबाइल हातात असेल तर असू दे, शोधत बसू नका. चपला-बुटांचं मात्र बघा. रात्रीच्या शिफ्टला टेबलाखाली बूट काढून बसायची सवय बऱ्याच जणांना आहे, आणि सहा-सात मजले अनवाणी उतरणं सोपं नाही.

कुठल्या जिन्याने

सवयीने सगळे लिफ्ट लॉबीकडे धावतात. तिकडे जायचं नाही. खिडकीकडच्या ओळीत बसणाऱ्यांनी पूर्वेकडचा जिना घ्यायचा, पँट्री आणि मीटिंग रूमच्या बाजूच्यांनी पश्चिमेकडचा. उजव्या हाताने कठडा धरून एका रांगेत उतरा, डावी बाजू वर येणाऱ्या जवानांसाठी मोकळी सोडा. दोन्ही जिने तळमजल्यावर बाहेर निघतात. बेसमेंटमध्ये उतरू नका, गाडी काढायला तर मुळीच नाही. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून पाहा. गरम लागलं तर ते उघडू नका, दुसऱ्या जिन्याकडे वळा. धूर असेल तर वाकून, वेळ पडली तर रांगत जा. जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते.

टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावायची नाही, हे वेगळं सांगावं लागतंय. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या पबला आग लागली आणि चौदा जण गेले. त्यातले बरेच जण टॉयलेटच्या भागात सापडले, गुदमरून. तिथे पाणी असतं, आडोसा असतो, म्हणून माणूस तिकडे वळतो. पण बाहेर पडायला वाट नसते.

आता फायर डोअरबद्दल. सातव्या मजल्यावर पश्चिम जिन्याचं दार उघडं राहावं म्हणून त्याच्या पायाशी रोज काहीतरी लावलेलं असतं. आधी पाण्याचा वीस लिटरचा जार असायचा. गेल्या आठवड्यात तिथे चक्क आग विझवायचा सिलिंडर उभा होता! हँगरवरून काढून आणलेला, वर कोणाची तरी छत्री अडकवलेली. ते दार आपोआप बंद होतं म्हणूनच जिन्यात धूर शिरत नाही. वारा येत नाही ही तक्रार खरी आहे, एसीचं काम लावलेलं आहे. पण दार बंदच राहील. सोमवारपासून प्रत्येक शिफ्टला सुरक्षारक्षक दोनदा फेरी मारतील आणि दाराशी सापडलेली वस्तू प्रशासन विभागात जमा होईल.

जमण्याची जागा

इमारतीमागचं, डोंगराच्या बाजूचं मोकळं पार्किंग, सुरक्षा केबिन क्रमांक २ च्या पलीकडे. हिरवा बोर्ड लावलेला आहे, रात्री त्यावर फ्लडलाइट असेल. पूर्व जिन्याने उतरलात की तिथे थेट पोचता. पश्चिमेकडून उतरलेल्यांनी कंपाउंडच्या भिंतीलगत चालत यायचं, इमारतीच्या काचांखालून नाही.

पुढच्या गेटवर थांबू नका. ठाणे-बेलापूर रोडवरून अग्निशमन दलाची गाडी आत येणार ती त्याच गेटने. गेल्या जुलैत निम्मी गर्दी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर होती आणि हजेरीत ती सगळी माणसं ‘बेपत्ता’ निघाली. खऱ्या आगीत अशा माणसाला शोधायला जवान वर जातात. तेव्हा चहा हजेरीनंतर, आणि तोही पार्किंगमध्येच. पँट्रीकडून थर्मास खाली येतील, रात्रीच्या शिफ्टलासुद्धा. तिथे दुचाकी लावणाऱ्यांनी ११ तारखेच्या संध्याकाळपासून १३ च्या सकाळपर्यंत गाड्या बेसमेंटमध्ये लावाव्यात.

हजेरी कार्ड-पंचच्या यादीवरून घेतली जाईल. दुसऱ्याच्या मागोमाग पंच न करता आत शिरलेला माणूस त्या यादीत नसतो, एवढं लक्षात असू द्या. हाउसकीपिंगच्या मावशी, पँट्रीतली मुलं आणि पाहुणे यांची वेगळी यादी रिसेप्शनवरून खाली येईल.

स्वयंसेवक

प्रत्येक शिफ्टला, प्रत्येक मजल्यावर सहा जण हवेत. फ्लोअर वॉर्डन एक, त्याच्या अंगात नारिंगी जॅकेट. मजला रिकामा झाल्याचं तोच कळवेल आणि सगळ्यांत शेवटी उतरेल. शोध घेणारे दोघं, त्यातली एक महिला. टॉयलेट, मीटिंग रूम, आराम खोली, फोन बूथ बघायची आणि बघून झालेल्या दारावर खडूने फुली मारायची. जिन्याच्या तोंडाशी एक, गर्दी दोन जिन्यांत वाटून द्यायला. हजेरी घेणारा एक. प्रथमोपचार पेटीसह एक.

रात्री आठवा मजला बंद असतो, त्यामुळे एकूण ४८ जण लागतात. आतापर्यंत ३१ नावं आली आहेत. उरलेल्या १७ पैकी ९ जागा रात्रीच्या शिफ्टच्या आहेत. धाडसाची अपेक्षा नाही. शांत डोकं आणि मोठा आवाज पुरेसा आहे. स्वयंसेवकांना सोमवार ९ फेब्रुवारीला त्यांच्या शिफ्टच्या पहिल्या तासात वेगळी माहिती दिली जाईल.

वीज आणि एसी बंद करणं, पंप रूम सांभाळणं ही कामं इमारतीच्या तंत्रज्ञांची. त्यात स्वयंसेवकांनी हात घालू नये.

गुडघेदुखी, दमा, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर प्रशासन विभागाला आधी कळवा, नाव कुठेही लागणार नाही. अशा सहकाऱ्यांना जिने उतरायला लावणार नाही. त्यांच्यासोबत एक मदतनीस असेल आणि दोघांनी सातव्या मजल्यावरच्या रेफ्यूज एरियात जाऊन थांबायचं. व्हीलचेअर वापरणाऱ्या दोन्ही सहकाऱ्यांशी बोलणं झालं आहे, त्यांचे मदतनीसही ठरले आहेत.

खरी आग दिसली तर जवळचं लाल कॉल पॉइंट दाबा, मग सुरक्षा कक्षाला एक्स्टेंशन ४४१ वर कळवा. ते लागलं नाही तर थेट १०१ किंवा ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर इमारत, मजला आणि काय जळतंय एवढं सांगा, आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

स्वयंसेवकांची नावं आपल्या टीम लीडकडे किंवा रिसेप्शनवरच्या यादीत शुक्रवार ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६ पर्यंत द्यावीत. रात्रीच्या शिफ्टसाठी ती यादी सुरक्षा केबिन क्रमांक २ मध्ये शनिवारी सकाळी ७ पर्यंत राहील. १२ तारखेला रजेवर असणाऱ्यांनी प्रशिक्षण तरी चुकवू नये.

प्रशासन व सुविधा विभाग
ऐरोली कार्यालय, नवी मुंबई