कोकम आगळ, ५०० मिली (२ बाटल्या): एक तारा दिलेल्या रिव्ह्यूला विक्रेत्याचं उत्तर

नमस्कार ताई,

उन्हातून आलेल्या मुलांना तुम्ही हौसेने सरबत करून दिलंत आणि पहिल्याच घोटाला त्यांची तोंडं वाकडी झाली, हे वाचून वाईट वाटलं.

खारट चव आणि तळाचा गाळ पाहून तुम्हाला माल नासलेला वाटला, पण तसं नाही. तुमच्याकडे आलंय ते आगळ, आणि तुम्हाला हवं होतं ते अमृत कोकम. दोन्ही रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाचीच, रंगानेही सारखी, त्यामुळे गफलत होते. अमृत कोकमाला रातांब्याच्या सालीत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात आणि साखरेचा पाक होतो. आगळाला तीच सालं मिठात मुरवतात आणि सुटलेला रस गाळून भरतात. त्या मिठावरच ते टिकतं, आम्ही दुसरं काही घालत नाही. असं आगळ चार चमचे ग्लासभर पाण्यात घातलं तर खारट लागणारच. तळाशी बसलेला गाळ म्हणजे रातांब्याचा गर. बाटली हलवली की मिसळतो.

वर्णनाच्या दुसऱ्याच ओळीत ‘मीठ घातलेले, साखर नाही. सोलकढी व आमटीसाठी’ असं दिलेलं आहे, लेबलच्या फोटोतही ते वाचता येतं. घाईत नजरेतून सुटलं असावं. तुमचा रिव्ह्यू वाचून मी स्वतः मोबाइलवर पाहिलं, तर वस्तूचं नाव ‘कोकम आगळ ५०० मिली’ इथेच तुटतं, पुढचं ‘खारट’ दिसतच नाही. ती चूक आमची. आजपासून नावात ‘खारट’ हा शब्द सगळ्यात आधी घेतलाय.

दुसऱ्या बाटलीचं सील तसंच असेल तर ती परत पाठवा, बदल्यात अमृत कोकम पाठवतो. जाण्यायेण्याचा खर्च आमचा. उघडलेली बाटली खाण्याची वस्तू असल्याने परत घेता येत नाही, पण कृपा करून ती ओतून देऊ नका. सोलकढीसाठी एका नारळाचं दूध काढा, त्यात दोन-तीन चमचे आगळ, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नका, आमच्या घरातसुद्धा नव्या माणसाच्या हातून ते दोनदा पडतं! मुलांना सरबतच हवं असेल तर ग्लासाला एकच चमचा आगळ, भरपूर साखर आणि चिमूटभर जिरेपूड.

तारे किती ठेवायचे ते तुमच्यावर. बदलून हवं असेल तर ऑर्डरच्या पानावरून ‘विक्रेत्याला संदेश’ मध्ये फक्त ‘बदली’ एवढं लिहा, पत्ता आमच्याकडे आहेच. सोमवारी किंवा गुरुवारी पार्सल निघेल.

आपला,
विक्रेता, वेंगुर्ला