पिल्लूचा पंप आणि स्पेसर: कसा द्यायचा

वैनी, दवाखान्यातनं जो कागद दिलाय तो अर्धा इंग्लिश अर्धा कन्नड आहे, तुम्हाला वाचता येईना म्हणालात म्हणून सगळं मराठीत लिहून पाठवतोय. प्रिंट काढून फ्रीजवर चिकटवा, आई संध्याकाळी देतात त्यांना पण कळेल.

आधी दोन पंपांचा फरक. तपकिरी आहे तो रोजचा, सकाळ-संध्याकाळ, खोकला असो नसो, तो बंद करायचा नाही. निळा आहे तो दम लागला, छातीत शिट्टी वाजली तरच. रोजच्यानं दम लगेच थांबत नाही, आणि निळ्यावरच दिवस काढले तर आतली सूज तशीच राहते.

स्पेसर नवा आहे ना, मग पहिल्यांदा वापरायच्या आधी धुवून घ्या, कसा ते खाली सांगतो. निळा पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर दोन फवारे आधी हवेत सोडायचे.

आता देताना. हात धुवा. पिल्लूला मांडीवर ताठ बसवा, आडवं झोपवून नको. पंपाची टोपी काढा, पंपाच्या तोंडात कायतरी कचरा अडकलाय का बघा, मग ४-५ वेळा चांगला हलवा. पंप उभा धरून स्पेसरच्या मागच्या भोकात घट्ट बसवा.

मग मास्क. वैनी, सगळ्यात जास्त चूक इथंच होते. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकून गालाला पूर्ण चिकटला पाहिजे, कुठंच फट नको, नाकाच्या कडेला आणि हनुवटीखाली बोट फिरवून बघा. फट राहिली की औषध छातीत जायचं सोडून बाहेर जातं आणि आपल्याला वाटतं दिलं. दाबून दुखवायचं पण नाही, नुसता घट्ट टेकवायचा.

मास्क लावल्यावर पंप एकदाच दाबा. एका वेळी एकच पफ, दोन एकदम दाबले तर औषध स्पेसरलाच चिकटतं. दाबल्यावर मास्क हलवू नका, पिल्लूला नेहमीसारखा श्वास घेऊ दे, ५-६ श्वास मोजा, प्रत्येक श्वासाला आतली छोटी झडप हलताना दिसते. झडप हलत नसेल तर मास्क नीट बसला नाही. दुसरा पफ लिहिलाय तर अर्धा-एक मिनिट थांबा, पंप परत हलवा, परत तेच सगळं.

रडत असेल तर? रडताना जोर करू नका, तेव्हा औषध छातीपर्यंत फार कमी पोचतं. आधी शांत करा. दम नसताना मास्क खेळायला द्या, बाहुलीला लावून दाखवा, तुम्ही स्वतः लावून "एक दोन तीन" म्हणा. आमच्या पुतण्याला हे चार दिवस केल्यावर तो आपणच मास्क आणून द्यायला लागला.

तपकिरी दिल्यावर तोंड पाण्यानं चुळ भरून थुंकायला लावा, जमत नसेल तर पाणी पाजा, आणि मास्कच्या जागेवरचं तोंड पुसा. नाहीतर तोंडात पांढरे डाग येतात.

धुणं: आठवड्यातनं एकदा स्पेसरचे भाग सुटे करून कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण घालून बुडवा, १५ मिनिटांनी काढा, फडक्यानं पुसू नका, तसाच उभा वाळू दे. पुसलं की आत औषध चिकटायला लागतं. पंपाची धातूची डबी मात्र पाण्यात घालायची नाही.

अचानक दम लागला तर दवाखान्याच्या कागदात लिहिलंय तसं निळ्याचे २ पफ, एकेक करून, २० मिनिटं बघायचं, कमी नाही आला तर परत २, मग परत २० मिनिटांनी २. इतकं करूनही आराम नसेल किंवा परत परत लागत असेल तर दवाखान्यात जा, वाट बघू नका. आणि बोलता येईना, दूध-पाणी पिता येईना, बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळे पडतायत, पोरगं सुस्त झालंय, यातलं एक जरी दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत आणि वाटेत निळा देत राहा.

ऊसतोडणीनंतर पाचट पेटवतात त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा, चुलीजवळ त्याला बसवू नका, आणि मामांना सांगा बिडी बाहेर, म्हणजे अगदी अंगणाच्या पलीकडं. खानापूरला आत्तीकडं पावसात जाणार असाल तर दोन्ही पंप, स्पेसर आणि ही चिठ्ठी पिशवीत घ्या, बंद गाडीत उन्हात पंप विसरू नका. मागं आकडा दिसतो तो २० च्या खाली आला की दुसरा आणून ठेवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना स्पेसर घेऊन जा, त्यांच्यासमोर देऊन दाखवा, चुकत असेल तर ते तिथंच सांगतील.