गोल आणि वृत्तचिती: दोन तृतीयांशच का?

आदरणीय मुख्याध्यापिका, गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो,

सांगलीच्या बाजारातून आणलेला, सहा सेंटिमीटर व्यासाचा हा चेंडू तेवढ्याच व्यासाच्या आणि उंचीच्या या डब्यात अलगद बसतो. काल गणित मंडळात आम्ही डबा पाण्याने काठोकाठ भरला, चेंडू सावकाश तळापर्यंत दाबला आणि परातीत सांडलेले पाणी मोजले. डब्यातल्या १७० मिलिलिटरपैकी सुमारे ११३ मिलिलिटर बाहेर आले होते, म्हणजे दोन तृतीयांश.

पण मोजणे म्हणजे सिद्धता नव्हे. r त्रिज्येच्या गोलाचा वरचा अर्धा भाग घेऊन केंद्रापासून h उंचीवर आडवा छेद दिला, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ π(r² − h²) येते. आता r त्रिज्येच्या आणि r उंचीच्या वृत्तचितीतून, टोक खाली असलेला तेवढाच शंकू कोरून काढा. h उंचीवर शंकूची त्रिज्या h एवढीच असते, म्हणून उरलेल्या कड्याचे क्षेत्रफळ πr² − πh², अगदी तेवढेच! प्रत्येक उंचीवर छेद समान असल्याने घनफळेही समान ठरतात. शंकू वृत्तचितीचा एक तृतीयांश असतो, म्हणून उरतात दोन तृतीयांश. खालच्या अर्ध्या भागाचेही तसेच.

आर्किमिडीजला हा शोध इतका प्रिय होता, की त्याच्या समाधीवर गोल आणि वृत्तचिती कोरली होती. रोमन वक्ता सिसेरो याने ती सिरॅक्यूज येथे इ.स.पू. ७५ मध्ये झुडपांतून शोधून काढली.

डबा आणि परात येथेच आहे. ज्यांना स्वतः मोजायचे आहे, त्यांनी पुढे यावे.