परिपत्रक: घरून काम करण्याचे नियम, 2 जून 2025 पासून लागू

परिपत्रक क्र. मनुष्यबळ/07/2025
दिनांक: शुक्रवार, 16 मे 2025
स्थळ: शिवाजीनगर, पुणे

प्रति,
दावे छाननी, हेल्पलाइन, लेखा, तंत्र आणि प्रशासन विभागांतील सर्व कर्मचारी

विषय: आठवड्यातील दोन दिवस घरून काम करण्याबाबत

संदर्भ:
(अ) 25 एप्रिलच्या सर्वसाधारण बैठकीतील तोंडी घोषणा: "आता आठवड्यातून दोन दिवस घरून चालेल."
(आ) 30 एप्रिलचा कार्यालयीन व्हॉट्सॲप ग्रुपवरील मेसेज: "परवा शुक्रवारी कोणी आलं नाही तरी चालेल, पुढेही शुक्रवार घरूनच."
(इ) 7 मे चा विभागप्रमुखांना गेलेला मेल: "तीन दिवस यायचं, कुठले ते टीमने ठरवा."

वरील तिन्ही सूचना चांगल्या हेतूने दिल्या गेल्या, पण त्यांचा एकमेकींशी मेळ नव्हता. दोन दिवस कोणते, नवीन माणसाला ते मिळणार का, हेल्पलाइनचे काय, याचे उत्तर कुठेच नव्हते. त्यामुळे दावे विभागातील एका सहकारी महिलेने बैठकीतील शब्दावर विश्वास ठेवून सोमवार, 5 मे रोजी घरून काम केले. त्या दिवशी त्यांनी 31 फाइली तपासल्या, त्याची नोंद प्रणालीत आहे. तरीही हजेरीत तो दिवस रजा म्हणून लागला, कारण हजेरी पाहणाऱ्याकडे लेखी काहीच नव्हते. चूक त्यांची नव्हती आणि हजेरी पाहणाऱ्याचीही नव्हती. नियम लेखी न देणाऱ्या मनुष्यबळ विभागाची, म्हणजे आमची, ती चूक होती. त्याबद्दल त्या सहकाऱ्यांकडे दिलगिरी व्यक्त केली आहे आणि येथेही करत आहे.

या परिपत्रकाने संदर्भातील तिन्ही सूचना रद्द करण्यात येत आहेत. यापुढे घरून कामाबाबतचा कोणताही बदल क्रमांक, तारीख आणि सही असलेल्या परिपत्रकानेच होईल. बैठकीत, ग्रुपवर किंवा फोनवर कोणीही, अगदी संचालकांनीही, काही सांगितले तरी परिपत्रक निघेपर्यंत तो नियम नाही.

1. लागू होण्याच्या तारखा

हा नियम सोमवार, 2 जून 2025 पासून लागू होईल. हेल्पलाइन विभागाला मात्र तो सोमवार, 16 जूनपासून लागू होईल. घरच्या लॅपटॉपवर ग्राहकांचे कॉल घेण्याची व्यवस्था आणि हेडसेट त्याआधी सर्वांपर्यंत पोहोचणार नाहीत, आणि अर्धवट साधनांवर कोणाला कॉल घ्यायला बसवणे योग्य नाही.

2 ते 30 जून हा सवयीचा काळ धरला आहे. या काळात नोंद करायची राहिली किंवा दिवसाची गफलत झाली तर रजा कापली जाणार नाही, ताकीदही दिली जाणार नाही. फक्त चूक दुरुस्त करून घेतली जाईल.

25 एप्रिल ते 1 जून या काळात संदर्भातील सूचनांवर विसंबून ज्यांनी घरून काम केले, त्यांचे ते दिवस पूर्ण हजेरी धरले जातील. कापलेली रजा परत जमा होईल आणि पगार कापला गेला असल्यास ती रक्कम 30 जूनच्या पगारात मिळेल. त्यासाठी अर्ज करायचा नाही. यादी आम्ही काढली आहे आणि ती 23 मे रोजी विभागप्रमुखांकडे येईल. आपले नाव राहून गेले असेल तर तेवढे कळवावे.

2. दिवस

मंगळवार, बुधवार आणि गुरुवार कार्यालयात. सोमवार आणि शुक्रवार घरून काम करता येईल. "करता येईल" हे शब्द जाणीवपूर्वक वापरले आहेत. ज्यांच्या घरी जागा नाही, लहान मुले आहेत किंवा ज्यांना कार्यालयातच बरे वाटते, त्यांच्यासाठी सोमवारी व शुक्रवारीही कार्यालय नेहमीप्रमाणे उघडे राहील, चहा आणि एसीसह.

गुरुवार कार्यालयात का, असे अनेकांनी विचारले. पुण्यात महावितरणची देखभालीची वीजबंदी आणि महापालिकेचे पाणी बंद, दोन्ही बहुतेक वेळा गुरुवारीच असते. कार्यालयात जनरेटर आहे.

सोमवार किंवा शुक्रवारी सार्वजनिक सुटी आली तर त्याबदली आठवड्यातील दुसरा दिवस घरून मिळणार नाही.

3. वेळ आणि नोंद

कामाची वेळ सकाळी 9.30 ते सायंकाळी 6.30 हीच राहील. घरून काम करणाऱ्यांनी सकाळी 10 पर्यंत हजेरी पोर्टलवर "घरून" अशी नोंद करावी. 11 ते 4 या वेळेत कॉलवर उपलब्ध असावे. जेवणाची पाऊण तासाची सुटी यात धरलेली आहे.

सायंकाळी 6.30 नंतर फोन उचलणे बंधनकारक नाही. घरी आहात म्हणून रात्री नऊ वाजता काम सांगता येणार नाही. टीम लीडनी हे विशेष लक्षात घ्यावे. कॉलवर कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती नाही. एका खोलीच्या घरात मागे आजी झोपलेली असते, कोणी स्वयंपाक करत असते. ते कोणाला दाखवावे लागू नये.

घरची वीज किंवा इंटरनेट गेले तर टीम लीडला फोन करून सांगावे. दोन तासांपर्यंतचा खंड नोंदवायची गरज नाही. त्याहून जास्त लांबला तर राहिलेले काम कुठून आणि कधी करायचे हे दोघांनी मिळून ठरवावे. अशा दिवशी अर्धी रजा लावू नये.

4. कागदपत्रे आणि गोपनीयता

आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक दाव्यात कोणाचे तरी दवाखान्याचे कागद असतात. त्यात आजार असतो, शस्त्रक्रिया असते, काही वेळा घरच्यांनाही न सांगितलेली गोष्ट असते. म्हणून या कलमात सवलत नाही. काम फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर आणि व्हीपीएनमधूनच करावे. दाव्याचा कागद घरी छापू नये, मोबाइलवर त्याचा फोटो काढू नये, व्हॉट्सॲपवर पाठवू नये. कॅफे किंवा स्टेशनच्या मोफत वायफायवर काम करू नये. उठताना स्क्रीन लॉक करावी, घरात फक्त आपली माणसे असली तरीही. मूळ कागदी फाइल कार्यालयाबाहेर जाणार नाही.

5. खर्च

इंटरनेटसाठी दरमहा 800 रुपयांपर्यंत, बिल जोडल्यास, पगारासोबत मिळतील. खुर्ची, माउस किंवा हेडसेट हवा असल्यास 26 मे पर्यंत तंत्र विभागाला कळवावे.

6. अपवाद

(क) ज्यांना घरून काम शक्य नाही: स्वागतकक्ष, डाक व कुरिअर स्वीकारणारे, मूळ फाइली हाताळणारे आणि सर्व्हर रूम सांभाळणारे सहकारी. इतरांना मिळणारी सोय यांना कामाच्या स्वरूपामुळे मिळत नाही, आणि त्यांच्यामुळेच इतरांना घरी बसता येते. म्हणून 2 जूनपासून त्यांना दरमहा 1,500 रुपये प्रवासभत्ता मिळेल. लेखा विभागाची महिनाअखेर पाळीने कार्यालयात होईल. त्याचे वेळापत्रक विभागप्रमुख लावतील.

(ख) नवीन रुजू झालेले: पहिले 90 दिवस पाचही दिवस कार्यालयात. मात्र त्यांना शिकवणारी व्यक्तीही सोमवारी किंवा शुक्रवारी, किमान एक दिवस, कार्यालयात हवी. रिकाम्या मजल्यावर एकट्या नवख्याला बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

(ग) मातृत्व: 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात 26 आठवड्यांच्या भरपगारी रजेसोबत, कामाचे स्वरूप तसे असल्यास, रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूद आहे. आपल्याकडे बाळ एक वर्षाचे होईपर्यंत, मागितल्यास, पाचही दिवस घरून काम करता येईल. टीम लीडनी यावर "पण टीमला अडचण होईल" असे उत्तर देऊ नये. अडचण असेल तर ती मनुष्यबळ विभागाकडे आणावी, त्या आईकडे नेऊ नये.

(घ) दिव्यांग सहकारी: 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार गरजेप्रमाणे दिवस ठरवता येतील. एकदा मंजूर झालेली सोय दरवर्षी नव्याने मागावी लागणार नाही.

(च) घरातील आजारपण: स्वतःचे किंवा आई, वडील, सासू, सासरे, जोडीदार, मुले यांचे आजारपण असल्यास सलग 30 दिवसांपर्यंत घरून काम करता येईल. डॉक्टरांचे पत्र लागेल, पण त्यात आजाराचे नाव असण्याची गरज नाही.

(छ) गावाहून काम: वर्षातून 10 कामाचे दिवस भारतात कुठूनही काम करता येईल. गणपती 27 ऑगस्टला आहेत, त्यामुळे कोकणात जाणाऱ्यांनी 31 जुलैपर्यंत अर्ज करावा आणि गावी नेट कसे चालते हे आधी तपासावे. रेंजसाठी टेकडीवर जावे लागत असेल तर सरळ रजाच घ्यावी. भारताबाहेरून काम करता येणार नाही.

(ज) पालखी आणि पाऊस: दोन्ही पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी, शुक्रवार, 20 जून रोजी, फर्ग्युसन रस्ता आणि आसपासचे रस्ते बंद असतात. त्या दिवशी (क) मधील सहकाऱ्यांना भरपगारी सुटी राहील आणि कार्यालय बंद असेल. इतर सर्वांनी घरून काम करावे. हवामान विभागाने पुणे जिल्ह्यासाठी रेड अलर्ट दिला तर तो दिवस आपोआप घरून धरला जाईल, परवानगीची वाट पाहू नये. अशा दिवशी (क) मधील कोणी येऊ शकले नाही तर त्यांची रजा कापली जाणार नाही.

(झ) आधीच मिळालेली परवानगी: ज्यांना यापूर्वी तोंडी किंवा लेखी पूर्णवेळ घरून कामाची मुभा आहे, त्यांची ती 31 ऑगस्टपर्यंत चालू राहील. पुढे हवी असल्यास 15 जुलैपर्यंत अर्ज करावा.

7. अर्ज आणि दाद

अपवादासाठी टीम लीडला मेल करावा आणि मनुष्यबळ विभागाला प्रत द्यावी. तीन कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल. नकार असल्यास कारण लेखी असेल. तीन दिवसांत उत्तर आले नाही तर अर्ज मंजूर झाला असे समजावे. नकाराविरुद्ध पाच दिवसांत मनुष्यबळ विभागाकडे दाद मागता येईल.

घरून कामाचे दिवस बढती किंवा पगारवाढीत विरुद्ध धरले जाणार नाहीत. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आणि आपली अंतर्गत समिती यांची कक्षा व्हिडिओ कॉल, चॅट आणि कामाच्या निमित्ताने आलेल्या रात्रीच्या मेसेजनाही लागू आहे.

8. फेरविचार

या नियमाचा फेरविचार सोमवार, 1 डिसेंबर 2025 रोजी होईल. त्याआधी प्रत्येक विभागातील दोघांशी बोलून अनुभव घेतले जातील, त्यांत किमान एक जण (क) मधील असेल, जिथे तसे काम आहे तिथे. नियम कमी करायचा झाल्यास किमान 30 दिवस आधी लेखी कळवले जाईल. पाळणाघर, भाड्याचे घर, बसचा पास हे सगळे लोक या तारखांवर ठरवतात.

शंका असल्यास मंगळवार, 20 मे आणि बुधवार, 21 मे रोजी दुपारी 3 ते 5 या वेळेत दुसऱ्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत यावे. ज्या प्रश्नाचे उत्तर या परिपत्रकात नाही असे आढळेल, ते उत्तर 28 मे पर्यंत पुरवणी परिपत्रकाने सर्वांना दिले जाईल.

सही/-
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

प्रत माहितीसाठी: संचालक मंडळ, सर्व विभागप्रमुख व टीम लीड, अंतर्गत समिती
प्रत कार्यवाहीसाठी: हजेरी व वेतन कक्ष (परिच्छेद 1 नुसार रजा परत जमा करण्यासाठी), तंत्र विभाग
प्रत सूचना फलकासाठी: तळमजला, डाक कक्षाजवळ